किडनीच्या रुग्णाचं बीपी: १२०, १३० की १४०, आणि घरच्या मशीनचं काय?

*"बाबा ५८ वर्षांचे, शेती करतात, दर्यापूर तालुका. क्रिएटिनिन २.१, शुगर नाही. अमरावतीचे किडनीचे डॉक्टर म्हणाले, वरचं बीपी १२० च्या आत पाहिजे. गावातले डॉक्टर म्हणतात १४० पर्यंत चालतं, उगाच गोळ्या वाढवल्या तर चक्कर येईल. घरी मशीन आणली तर सकाळी १६२ आणि संध्याकाळी १२८ दाखवते. कोणाचं ऐकावं? अन् मशीन बदलावी काय?"*

मशीन आत्ताच बदलू नका. आणि दोघा डॉक्टरांपैकी एक खोटा ठरवायचीही गरज नाही. दोघं वेगवेगळ्या पद्धतीनं मोजलेल्या बीपीबद्दल बोलताहेत, असा माझा अंदाज आहे. मी फिजिशियन आहे, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बरीच वर्षं ओपीडी करतो, आणि किडनीच्या पेशंटच्या घरी हा घोळ मला वारंवार दिसतो. बीपी किती हवं, हे ते कसं मोजलं यावर अवलंबून असतं. म्हणून आधी आकडा कुठून आला ते सांगतो, मग मोजणीवर जास्त वेळ घालवतो, कारण तुमच्या बाबांचं उत्तर मला तिथेच दिसतंय.

१२० हा आकडा मुख्यतः अमेरिकेतल्या स्प्रिंट नावाच्या अभ्यासातून आला. तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. नऊ हजारांवर लोक होते. निम्म्यांचं वरचं बीपी १२० च्या खाली आणण्याचा प्रयत्न झाला, निम्म्यांचं १४० च्या खाली. १२० वाल्या गटात हार्ट अटॅक, हार्ट फेल्युअर आणि मृत्यू कमी झाले. त्या लोकांत किडनी कमजोर असलेलेही बरेच होते आणि हृदयाचा फायदा त्यांच्यातही दिसला. याच आधारावर किडनीच्या आजारांसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या केडीगो या मार्गदर्शिकेनं २०२१ मध्ये वरचं बीपी १२० च्या खाली ठेवा असं सांगितलं. अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या २०१७ च्या मार्गदर्शिकेत किडनीच्या रुग्णांसाठी १३०/८० च्या खाली असं आहे. अमरावतीच्या डॉक्टरांनी आकडा मनानं काढलेला नाही.

पण केडीगोच्या त्याच वाक्याला एक अट जोडलेली आहे आणि ती रुग्णापर्यंत सहसा पोचत नाही. बीपी ठरलेल्या शिस्तीनं मोजलेलं असलं तरच १२०. म्हणजे पाच मिनिटं शांत बसवून, पाठ टेकवून, हात टेबलावर ठेवून, न बोलता, ऑटोमॅटिक मशीननं, एकापेक्षा जास्त वेळा. आपल्याकडे पेशंट एसटीतून उतरतो, जिना चढतो, नंबर लागला की स्टुलावर बसतो आणि "काय त्रास आहे?" याचं उत्तर देता देता त्याच्या दंडाला पट्टा लागतो. अशा मोजणीत वरचा आकडा सहज दहा-पंधरानं जास्त येतो, कधी त्याहूनही. त्या आकड्याला १२० च्या आत आणायचं म्हणून गोळ्या चढवल्या, तर घरी त्या माणसाचं बीपी १०५ असू शकतं आणि तो वावरात चक्कर येऊन पडू शकतो. गावातले डॉक्टर १४० म्हणतात ते बहुधा त्यांच्या टेबलावरच्या अशाच घाईतल्या मोजणीबद्दल, आणि चक्करेची त्यांची भीती खरी आहे.

स्प्रिंटबद्दल आणखी दोन गोष्टी. त्यात शुगर असलेले लोक घेतलेच नव्हते, आणि ज्यांच्या लघवीतून दिवसाला एक ग्रॅमपेक्षा जास्त प्रोटीन जात होतं तेही नव्हते. दुसरं, हृदयाला फायदा झाला तरी किडनी खराब होण्याचा वेग १२० मुळे कमी झाला असं दिसलं नाही. उलट क्रिएटिनिन एकाएकी वाढण्याचे प्रसंग त्या गटात जास्त होते. लघवीतून भरपूर प्रोटीन जात असेल तर मात्र बीपी कडक ठेवल्यानं किडनीलाही फायदा होतो, असं आधीच्या अभ्यासांवरून वाटतं. म्हणून मी तुमच्या जागी असतो तर पहिला प्रश्न विचारला असता: बाबांच्या लघवीची अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो ही तपासणी झाली आहे का? साध्या लघवीच्या नमुन्यावर होते. ती नसेल तर आकडा ठरवण्याचा अर्धा आधार हातात नाही.

आता मशीनकडे. दंडाला पट्टा लावायची ऑटोमॅटिक मशीन असेल तर ठीक. मनगटाची असेल तर ती बाजूला ठेवा. मग शिंप्याकडची मापाची टेप घ्या आणि खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मधोमध दंडाचा घेर मोजा. मशीनसोबत येणारा नेहमीचा पट्टा साधारण २२ ते ३२ सेंटिमीटर घेराला बसतो. पट्ट्यावर ते छापलेलं असतं. जाड दंडाला लहान पट्टा लावला तर बीपी खोटं जास्त दिसतं, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. आपल्याकडे उलटंही होतं. आयुष्यभर राबलेल्या, आता किडनीच्या आजारानं वजन उतरलेल्या माणसाचा दंड २० सेंटिमीटरचा निघतो. त्याला नेहमीचा पट्टा मोठा होतो आणि बीपी खरं असतं त्यापेक्षा कमी दिसतं. घरचे खूश, आणि मेंदू-हृदय मात्र जास्त दाबाखाली. लहान पट्टा वेगळा मागवावा लागतो, पण तो मिळतो.

बसणं. खेड्यातल्या घरात ही खरी अडचण आहे, कारण माणूस बाजेवर बसतो नाहीतर खाली मांडी घालून, आणि मशीन मांडीवर. बाजेवर पाठीला टेका नाही, पाय लोंबकळतात. हात मांडीवर किंवा खाली सोडलेला असला की पट्टा छातीच्या पातळीपेक्षा खाली जातो. दर दहा सेंटिमीटरला आकडा सात-आठनं वाढतो, हा साधा पाण्याच्या दाबाचा हिशोब आहे. प्लास्टिकची खुर्ची भिंतीला लावा, पाठ टेकवा, दोन्ही पाय जमिनीवर सपाट, एकावर एक नाही. शेजारी स्टूल, त्यावर उशा किंवा घडी केलेलं पोतं, इतकं उंच की पट्टा छातीच्या मध्याशी यावा. बाही वर गुंडाळून आवळू नका, सदरा काढून दंड उघडा करा.

मोजायच्या आधीचा अर्धा तास मोकळा ठेवा. चहा नाही, विडी नाही, खर्रा नाही. खर्ऱ्यावर मी नेहमी जरा जास्त बोलतो, कारण बाया-माणसं दोघंही तोंडात ठेवून बसलेले असतात आणि "तंबाखू खाता का?" म्हटलं की "नाही" म्हणतात, खर्रा त्यांच्या लेखी तंबाखूत येत नाही. तोंडात खर्रा असताना घेतलेलं बीपी लिहूच नका. लघवीला जाऊन या. मग पाच मिनिटं घड्याळ लावून शांत बसा. टीव्ही बंद, फोन दुसऱ्याच्या हातात. मोजताना बोलायचं नाही, आणि घरच्यांनीही "किती आलं?" विचारायचं नाही.

वेळ. सकाळी उठून लघवी झाल्यावर, गोळ्या आणि चहा घेण्याआधी. संध्याकाळी जेवणाआधी, किंवा झोपण्यापूर्वी. वेळ एकच धरा. दर वेळी एक मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. असं सलग सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्या, कारण त्या दिवशी माणूस मशीनला बुजलेला असतो. उरलेल्या सहा दिवसांची सरासरी काढा. तीच सरासरी बाबांचं बीपी. एकटा १६२ किंवा एकटा १२८ म्हणजे बाबांचं बीपी नव्हे.

सुरुवातीला दोन्ही हातांचं मोजा आणि जो हात कायम जास्त दाखवतो तोच पुढे धरा. डायलिसिससाठी हातात फिस्चुला केलेला असेल तर त्या हाताला पट्टा कधीच लावायचा नाही. ही गोष्ट घरात सगळ्यांना माहीत हवी.

लिहिताना दोन चोरवाटा दिसतात. एक, तीनदा मोजून सर्वात कमी आलेला आकडा वहीत टाकणं. दुसरी, आईनंही त्याच मशीनवर मोजणं आणि तिचे आकडे बाबांच्या मेमरीत मिसळणं. म्हणून मी वहीबरोबर मशीनही घेऊन यायला सांगतो. मेमरी आणि वही जुळते का ते दिसतं. शिवाय माझ्या मशीनवर आणि तुमच्या मशीनवर आळीपाळीनं, त्याच हातावर तीन-चार वेळा मोजता येतं. सरासरीत पाचपर्यंत फरक असेल तर तुमची मशीन चांगली. दहापेक्षा जास्त असेल तर मात्र बदला. मशीनवरची धडधड अनियमित असल्याची खूण वारंवार येत असेल तर तेही डॉक्टरांना दाखवा. तशा हृदयाच्या ठोक्यांत ऑटोमॅटिक मशीनचे आकडे कमी भरवशाचे असतात आणि ईसीजी काढायला हवा.

तुमच्या १६२ आणि १२८ च्या प्रश्नाशी अगदी जुळणारा एक पेशंट सांगतो. साठीचा शेतकरी, क्रिएटिनिन दोनच्या आसपास, वहीत सकाळचे आकडे १५० च्या वर आणि संध्याकाळचे १२५ च्या आसपास. तो म्हणाला, "डॉक्टर, मशीनच बिघडली हाये, सकाळी येगळं अन् संध्याकाळी येगळं." मशीन तपासली, ती ठीक होती. दंड २४ सेंटिमीटर, पट्टा ठीक. मग त्याला वर सांगितलेल्या पद्धतीनं सात दिवस मोजायला लावलं, आणि वहीत एक जास्तीची रेघ आखून दिली: रात्री कुठे झोपला ते लिहायचं.

पहिला दिवस सोडून सहा सकाळी वरचं बीपी असं होतं: १३२, १५१, १३०, १५४, १३४, १४९. संध्याकाळी: १२६, १३०, १२४, १२८, १२७, १२५. सगळ्याची सरासरी १३४. फक्त ती पाहिली असती तर "थोडं जास्त आहे, एक गोळी वाढवू" इथे गोष्ट संपली असती. पण १५१, १५४ आणि १४९ या तिन्ही सकाळी तो रात्रभर जागलीला वावरात होता, रानडुकरं आणि रोही हुसकायला. घरी झोपला त्या सकाळची सरासरी १३२, जागलीनंतरची १५१.

जागरणानं बीपी वाढतंच, पण इतक्या उडीमागे आणखी काही असणार म्हणून गोळ्यांची पाकिटं मोजली. त्याला दिवसातून दोनदा क्लोनिडिन होतं. किडनीच्या पेशंटला हे औषध पुष्कळदा दिलेलं असतं. जागलीला जाताना संध्याकाळी लवकर जेवून निघायचा आणि रात्रीची गोळी घरीच राहायची. क्लोनिडिनचा असर लवकर ओसरतो, आणि गोळी चुकली की बीपी नुसतं मूळ पातळीवर येत नाही, उसळी मारतं. म्हणजे गोळी कमी पडत नव्हती, चुकत होती. गोळी वाढवली असती तर चुकल्यावरची उसळी आणखी मोठी झाली असती. मी क्लोनिडिन दोन आठवड्यांत हळूहळू उतरवलं आणि त्याऐवजी दिवसातून एकदा घ्यायचं, दीर्घकाळ टिकणारं ॲम्लोडिपिन सकाळच्या टेल्मिसार्टनसोबत दिलं. क्लोनिडिन एकदम बंद करणं धोक्याचं असतं, कोणी मनानं करू नये. पुढच्या महिन्यात सात दिवसांची सरासरी १२७ आली. जागल चालूच होती, त्याला पर्याय नव्हता.

तुमच्या बाबांच्या बाबतीतही आधी हेच शोधा: सकाळी मोजण्याआधी काय काय होतं, आणि आदल्या रात्री काय झालं. १६२ चहा-खर्ऱ्यानंतरचा असेल, तर निम्मा प्रश्न तिथेच मिटतो. शिस्तीनं मोजूनही सकाळ कायम जास्त येत असेल, तर गोळीचा असर चोवीस तास टिकत नाही, किंवा रात्री झोपेत घोरून श्वास अडकतो, किंवा अंगात पाणी-मीठ साचलंय, अशा वाटा डॉक्टर तपासतील. दर्यापूर म्हणजे खारपाणपट्टा. तुमच्याकडे विहिरी-बोअरचं पाणीच खारट, आणि त्यातून जाणारं सोडियम जेवणातल्या मिठाच्या हिशोबात कोणी धरत नाही. पाणी कुठलं पिता ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. मात्र त्यावर उपाय म्हणून दुकानात मिळणारं कमी सोडियमचं मीठ आणू नका. त्यात पोटॅशियम असतं, आणि क्रिएटिनिन २.१ असलेल्या, टेल्मिसार्टनसारखी गोळी घेणाऱ्या माणसात ते रक्तात धोकादायक पातळीला जाऊ शकतं. गुडघेदुखी-कंबरदुखीवर मेडिकलमधून आणलेली डायक्लोफिनॅकसारखी गोळी तर दोन्हीकडून मारते, बीपीही वाढवते आणि किडनीही बिघडवते.

तर आकडा किती? मी माझ्या पेशंटना घरच्या सरासरीवर सांगतो, ओपीडीतल्या एका मोजणीवर नाही. तुमच्या बाबांसारख्या माणसाला, म्हणजे ५८ वर्षं, शुगर नाही, २.१ क्रिएटिनिनवर किडनीचं काम अंदाजे ३६ टक्क्यांच्या आसपास, मी पहिला टप्पा घरची सरासरी १३०/८० च्या खाली असा धरेन. तिथे दोन-तीन महिने टिकलं, उभं राहिल्यावर चक्कर नाही, क्रिएटिनिन आणि पोटॅशियम स्थिर, तर हळूहळू १२० च्या दिशेनं. लघवीतलं प्रोटीन जास्त असेल तर मी जास्त आग्रह धरेन. १२० हा आकडा घरच्या मशीनवर घासून ठरवलेला नाही, त्यामुळे घरची सरासरी १२४ आली म्हणून मी लगेच गोळी वाढवत नाही. ऐंशीच्या पुढचा, अशक्त, किंवा खालचं बीपी आधीच साठच्या घरात असलेला माणूस असता तर मी १२० चा नादच केला नसता.

पुढे जाण्याआधी एक चाचणी घरीच करा. बसून मोजल्यावर बाबांना उभं करा, एक मिनिटानं आणि तीन मिनिटांनी त्याच हातावर पुन्हा मोजा. उभं असतानाही हात छातीच्या पातळीवर आधारानं धरा. वरचं बीपी वीस किंवा खालचं दहानं घसरलं, तर हे डॉक्टरांना कळवल्याशिवाय एकही गोळी वाढता कामा नये. गावातल्या डॉक्टरांची शंका खरी की खोटी, हे याच चाचणीत कळेल.

नवीन गोळी सुरू केली किंवा टेल्मिसार्टन वाढवलं, तर दोन ते चार आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम करून घ्या. क्रिएटिनिन थोडं वाढतं. पहिल्या चार आठवड्यांत तीस टक्क्यांपर्यंतची वाढ सहसा सोसली जाते, २.१ चं २.५ झालं म्हणून घाबरून गोळी बंद करू नका, डॉक्टरांना दाखवा. २.८ झालं किंवा पोटॅशियम वाढलं तर लगेच भेटा.

आणि उन्हाळा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या घरात जातो, घामानं मीठ-पाणी जातं, आणि हिवाळ्यात बसवलेल्या गोळ्या तेव्हा जास्त होतात. मार्चअखेर आणि मे महिन्यात एकेक सात दिवसांची वही मी ठरवून मागतो, आणि बऱ्याच जणांचं औषध उतरवतो. उलट्या-हगवण लागली, खाणंपिणं बंद झालं, तर टेल्मिसार्टन आणि लघवीची गोळी चालू ठेवायची का हे त्याच दिवशी फोनवर विचारा, कारण किडनी एकाएकी बसण्याचा धोका तेव्हाच असतो. ओआरएस किंवा मीठ-साखरेचं पाणी किती द्यायचं, तेही त्याच फोनमध्ये विचारा.

घरी १८०/११० च्या वर आलं तर घाबरून गोळी जिभेखाली ठेवू नका. पाच मिनिटं बसवून पुन्हा मोजा. तितकंच असेल पण त्रास नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. छातीत दुखणं, दम लागणं, एक बाजू लुळी पडणं, बोबडी वळणं, दिसेनासं होणं किंवा असह्य डोकेदुखी सोबत असेल, तर पुन्हा मोजत न बसता १०८ ला फोन करा. उलट वरचं शंभरच्या खाली आलं आणि चक्कर येत असेल, तर आडवं झोपवा, पाय उंच करा, आणि पुढची गोळी डॉक्टरांना विचारूनच द्या.

पुढच्या भेटीला अमरावतीला जाताना सात दिवसांची वही, मशीन, सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि लघवीची ती एक तपासणी घेऊन जा. डॉक्टरांना विचारा, "तुम्ही १२० म्हणाला ते घरच्या सरासरीवर की इथल्या मोजणीवर?" आणि जे उत्तर येईल ते वहीच्या पहिल्या पानावर त्यांच्याच हातानं लिहून घ्या, म्हणजे गावातल्या डॉक्टरांनाही तेच दाखवता येईल.